हरणारे मोजा, जोड्या मोजा

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात महिलांची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा झाली. नागपूरच्या दिव्या देशमुखने अंतिम लढतीत कोनेरू हंपीला हरवलं आणि चषक जिंकला. स्पर्धा बाद पद्धतीची होती, म्हणजे लढत हरली की परतीचं तिकीट. खेळाडू होत्या १०७. मग विजेती ठरेपर्यंत एकूण लढती किती झाल्या असतील?

बहुतेक जण कागद-पेन्सिल घेऊन फेऱ्या मांडू लागतात आणि पहिल्याच पायरीवर अडखळतात, कारण १०७ ही विषम संख्या आहे, तिचे दोन सारखे भाग होत नाहीत. आयोजकांनी यावर नेहमीचा उपाय केला होता. मानांकन यादीतल्या वरच्या २१ जणींना पहिल्या फेरीत ‘बाय’ मिळाला. त्या न खेळताच दुसऱ्या फेरीत गेल्या. उरलेल्या ८६ जणींच्या ४३ लढती झाल्या. त्यातल्या ४३ विजेत्या आणि बाय मिळालेल्या २१ मिळून दुसऱ्या फेरीत बरोबर ६४ खेळाडू आल्या. तिथून पुढे वाट सरळ होती: ३२ लढती, मग १६, ८, ४, २ आणि शेवटी एक. पहिल्या फेरीच्या ४३ धरून बेरीज येते १०६.

हेच उत्तर एका ओळीत मिळतं. बाद पद्धतीत प्रत्येक लढत एका आणि एकाच खेळाडूला घरी पाठवते. १०७ जणींपैकी शेवटी एकच उरायची, तर १०६ जणी हरायला हव्यात. प्रत्येक हार म्हणजे एक लढत, म्हणून लढती १०६. फेऱ्या किती, बाय कोणाला, विषम संख्येचं काय करायचं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यासाठी लागत नाही.

बायची संख्या मात्र फेऱ्यांच्या मांडणीतूनच येते. दुपटीने वाढत जाणाऱ्या संख्या घ्याव्यात: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आपल्या खेळाडूंच्या संख्येएवढी किंवा तिच्या लगेच पुढची संख्या शोधायची आणि तिच्यातून खेळाडूंची संख्या वजा करायची. १२८ वजा १०७ म्हणजे २१. इतके बाय पहिल्या फेरीत दिले की दुसऱ्या फेरीपासून पुन्हा कुणाला थांबावं लागत नाही.

गावच्या कबड्डी स्पर्धेची भाग्यपत्रिका तयार करताना हाच हिशेब कामाला येतो. समजा, १३ संघांनी नावं नोंदवली. नियमाप्रमाणे करायचं तर १६ वजा १३, म्हणजे तीन संघांना बाय. उरलेल्या दहा संघांचे पाच सामने, मग आठ संघांचे चार, पुढे दोन उपांत्य आणि एक अंतिम. पाच, चार, दोन आणि एक मिळून बारा. एखादा कार्यकर्ता बायचा हिशेब न करता दर फेरीत जमतील तेवढ्या जोड्या लावतो आणि उरलेल्या संघाला पुढे ढकलतो. मग १३ संघांचे सहा सामने आणि एक बाय, सात संघांचे तीन सामने आणि एक बाय, चार संघांचे दोन, शेवटी एक. सहा, तीन, दोन आणि एक, पुन्हा बाराच. दुसरी मांडणी न्यायाची नाही, कारण स्पर्धा रंगात आल्यावर एखाद्या संघाला फुकटची विश्रांती मिळते. पण सामन्यांची संख्या तिनेही बदलत नाही. तेरापैकी बारा संघ हरायचे आहेत, ते कोणत्याही क्रमाने हरोत.

चूक होते ती दुसरीकडे. भाग्यपत्रिकेवर बायच्या चौकटींनाही सामना क्रमांक टाकले जातात. मग शेवटच्या चौकटीवर १५ हा आकडा येतो आणि पंचांचं मानधन, मैदानाचे तास, दिव्यांचं भाडं, सगळंच पंधरा सामन्यांच्या हिशेबाने ठरतं. भाग्यपत्रिका छापायला देण्याआधी तिच्यावरचा शेवटचा क्रमांक पाहावा. तो संघसंख्येपेक्षा बरोबर एकाने कमी नसेल, तर कुठेतरी बाय मोजला गेला आहे किंवा एखादी चौकट निसटली आहे.

इथे एक फरक जपावा लागतो. बाय मिळतो तेव्हा समोर प्रतिस्पर्धीच नसतो, त्यामुळे कुणीही बाद होत नाही आणि तो मोजायचा नाही. पण ठरलेला प्रतिस्पर्धी संघ मैदानात उतरलाच नाही आणि दुसऱ्याला पुढे चाल मिळाली, तर एक संघ बाद झालेला असतो. ती चौकट मोजायची. चढाई एकही झाली नसली तरी वेळापत्रकात तो सामनाच आहे. दोन्ही संघ गैरहजर राहिले, तर एकाच चौकटीत दोघं बाद होतात आणि पुढच्या फेरीत कुणाला तरी आयती पुढे चाल मिळते. अशा वेळी वेळापत्रकातले सामने आणि प्रत्यक्ष खेळले गेलेले सामने वेगवेगळे लिहून ठेवणं बरं.

बाटुमीच्या हिशेबातही एक पुस्ती जोडायची आहे. तिथे उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींची तिसऱ्या क्रमांकासाठी लढत झाली. ती कुणालाही विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद करत नाही, कारण दोघी आधीच बाद झालेल्या असतात. म्हणून ती वेगळी मिळवायची: १०६ अधिक एक, १०७. आणि लढत म्हणजे एक डाव नव्हे, हेही ध्यानात ठेवायचं. दिव्या आणि हंपी यांच्यात आधी पारंपरिक वेळेचे दोन डाव झाले. ते बरोबरीत सुटले, म्हणून जलद गतीचे दोन डाव झाले आणि अडीच-दीड असा निकाल लागला. लढत एक, डाव चार. बाद पद्धतीच्या हिशेबातून लढतींची संख्या मिळते, डावांची नाही, कारण किती लढती लांबतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

साखळी पद्धतीत हरलेला घरी जात नाही, त्यामुळे हरणारे मोजून काही हाती लागत नाही. तिथे मोजायच्या त्या जोड्या.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १९९२ साली झालेला क्रिकेटचा विश्वचषक यासाठी उत्तम उदाहरण आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये नुकत्याच परतलेल्या दक्षिण आफ्रिकेला धरून त्यात नऊ संघ होते. गट नव्हते, प्रत्येकाने उरलेल्या प्रत्येकाशी एकदा खेळायचं, असा साधा नियम होता. नऊ संघ, प्रत्येकाचे आठ सामने, म्हणून नऊ आठे बहात्तर? नाही. भारताच्या आठ सामन्यांत पाकिस्तानविरुद्धचा सामना मोजला आणि पाकिस्तानच्या आठांत भारताविरुद्धचा, तर सिडनीतला तो एकच सामना दोनदा मोजला गेला. प्रत्येक सामन्याचं असंच होतं. म्हणून बहात्तरचे निम्मे, ३६.

पडताळा घ्यायचा तर संघ एकेक करून आत आणावेत. पहिला संघ आला, सामना नाही. दुसरा आला, एक सामना. तिसऱ्याला आधीच्या दोघांशी खेळायचं, दोन सामने. असं करत नववा संघ आला की त्याला आधीच्या आठांशी खेळायचं असतं. एक, दोन, तीन असं आठपर्यंत मिळवलं की ३६ येतात. या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते. आठ संघांच्या साखळीला २८ सामने पुरतात; नववा संघ घेतला की एकदम आठ सामने वाढतात. बाद पद्धतीत एक संघ वाढला की सामना एकच वाढतो. साखळीत मात्र नव्या संघाला आधीच्या प्रत्येकाशी खेळावं लागतं, म्हणून संघ थोडे वाढले तरी वेळापत्रक भराभर फुगतं.

दुसरा पडताळा फेऱ्यांचा. संघसंख्या सम असेल तर एका फेरीत सगळे संघ एकाच वेळी खेळू शकतात आणि फेऱ्या संघसंख्येपेक्षा एक कमी लागतात. हे जमवण्याची जुनी युक्ती अशी: एक संघ जागेवर ठेवायचा आणि बाकीच्यांना दर फेरीला एकेक जागा पुढे सरकवत गोल फिरवायचं. सहा संघांना क्रमांक दिले तर अशा जोड्या पडतात:

पहिली फेरी: १–६, २–५, ३–४
दुसरी फेरी: १–५, ६–४, २–३
तिसरी फेरी: १–४, ५–३, ६–२
चौथी फेरी: १–३, ४–२, ५–६
पाचवी फेरी: १–२, ३–६, ४–५

पाच फेऱ्या, दर फेरीत तीन सामने, एकूण पंधरा. सहा पाचे तीस, त्याचे निम्मे पंधराच. एकही जोडी दोनदा आलेली नाही आणि एकही सुटलेली नाही, हे बोट ठेवून तपासता येतं. यातला सहावा संघ काढून त्याच्या जागी ‘विश्रांती’ असं लिहिलं, तर तोच तक्ता पाच संघांना चालतो. दर फेरीत एक संघ बसतो, दोन सामने होतात, पाच फेऱ्यांत दहा. म्हणजे विषम संघ असले की फेऱ्या संघांइतक्याच लागतात. नऊ संघांना नऊ फेऱ्या, दर फेरीत चार सामने, पुन्हा ३६.

स्पर्धा संपल्यावरही हा आकडा तपासता येतो, तोही नुसत्या गुणतक्त्यावरून. १९९२ मध्ये विजयाला दोन गुण होते आणि सामना अनिर्णित राहिला तर प्रत्येकी एक. म्हणजे निकाल काहीही लागो, एका सामन्यातून दोनच गुण बाहेर पडणार. साखळी संपली तेव्हा न्यूझीलंडचे १४, इंग्लंडचे ११, दक्षिण आफ्रिकेचे १०, पाकिस्तानचे ९, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजचे प्रत्येकी ८, भारत आणि श्रीलंकेचे प्रत्येकी ५ आणि झिम्बाब्वेचे २ गुण होते. बेरीज ७२, म्हणजे ३६ सामने. मॅकायला भारत–श्रीलंका सामना दोन चेंडूंनंतर पावसात वाहून गेला. ॲडलेडला पाकिस्तान ७४ धावांत गारद होऊनही पावसामुळे बचावला. पण बेरजेला त्या पावसाचा धक्का लागला नाही, कारण त्या सामन्यांचे दोन-दोन गुण वाटले गेलेच. त्याच एका गुणाच्या आधारे पाकिस्तान उपांत्य फेरीत गेला आणि पुढे विश्वविजेता झाला. साखळीचे ३६, दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळून त्या स्पर्धेत ३९ सामने झाले.

गुणांच्या बेरजेला मर्यादाही आहे. विजयाचे दोन गुण चुकून हरलेल्या संघाच्या नावावर चढले, तर बेरीज ७२ च राहील आणि चूक लपून जाईल. ती पकडायला प्रत्येक संघाच्या विजय, पराभव आणि अनिर्णित सामन्यांची बेरीज आठ येते का आणि गुण त्यांच्याशी जुळतात का, हे पाहावं लागतं. शिवाय सगळ्या संघांचे विजय मिळून जेवढे, तेवढेच पराभव असायला हवेत. १९९२ च्या साखळीत ३४ सामन्यांचा निकाल लागला आणि दोन अनिर्णित राहिले. म्हणजे विजयांच्या रकान्याची बेरीज ३४ आणि पराभवांच्याही ३४.

फुटबॉलमध्ये बेरीज आणखी सांभाळून करावी लागते. तिथे विजयाला तीन गुण असतात, पण बरोबरीत दोघांना एकेक, म्हणजे दोनच गुण वाटले जातात. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या गटाचा शेवटचा तक्ता असा होता: अर्जेंटिना ६, पोलंड ४, मेक्सिको ४, सौदी अरेबिया ३. बेरीज १७. चार संघांच्या गटात सहा सामने, सहा त्रिक अठरा, मग एक गुण कुठे गेला? गटात एक सामना बरोबरीत सुटला असला पाहिजे, आणि तो होता पोलंड विरुद्ध मेक्सिको, शून्य–शून्य. निकाल माहीत नसतानाही तक्त्यावरून बरोबरीच्या सामन्यांची संख्या काढता येते.

आयपीएलचं गणित बाद आणि साखळी या दोन्हींहून जरा वेगळं आहे. २०१४ ते २०२१ या काळात आठ संघ होते आणि प्रत्येक जोडी दोनदा भिडायची. आठ संघांच्या २८ जोड्या, दुप्पट ५६ सामने, त्यात प्लेऑफचे चार मिळवून ६०. २०२२ मध्ये गुजरात आणि लखनऊ आले, संघ दहा झाले. जुनाच नियम ठेवला असता तर ४५ जोड्यांचे साखळीतच ९० सामने झाले असते. आयोजकांनी प्रत्येक संघाला आधीइतकेच १४ सामने ठेवले. दहा चौदे एकशे चाळीस, त्याचे निम्मे ७०, अधिक प्लेऑफचे चार, एकूण ७४.

जोड्यांच्या बाजूने हेच पाहू. प्रत्येक संघाला नऊ प्रतिस्पर्धी. त्यातल्या पाचांशी दोनदा आणि चारांशी एकदा खेळलं की १४ होतात. दोनदा भिडणाऱ्या जोड्या किती? दहा संघ, प्रत्येकाचे असे पाच प्रतिस्पर्धी, पन्नासचे निम्मे २५. एकदा भिडणाऱ्या उरल्या २०. पंचवीस दुणे पन्नास अधिक वीस, सत्तर. दोन वाटांनी आकडा एकच आला की वेळापत्रकाचा सांगाडा तरी बरोबर आहे. हा ताळा जमलाच पाहिजे असं नाही. नऊ संघांना प्रत्येकी १५ सामने देऊ असं कुणी म्हटलं, तर नऊ गुणिले पंधरा १३५ येतात. त्याचे निम्मे पूर्णांकात येत नाहीत, म्हणजे असं वेळापत्रक बनूच शकत नाही, कितीही खटपट केली तरी.

प्लेऑफचे चार सामने मात्र सरळ बाद पद्धतीत बसत नाहीत. चार संघांतून एक विजेता निवडायला तीन सामने पुरतात. चौथा येतो तो पहिल्या ‘क्वालिफायर’मुळे. साखळीतल्या पहिल्या दोघांच्या त्या सामन्यात हरलेला संघ बाद होत नाही, त्याला आणखी एक संधी मिळते. म्हणून सामने मोजताना ‘किती जण बाद व्हायचे’ यात ‘कुणालाही बाद न करणारे सामने किती’ हे मिळवायचं: तीन अधिक एक.

गट साखळी आणि त्यानंतर बाद फेरी अशी मिश्र स्पर्धा असेल, तर दोन्ही हिशेब वेगळे करून जोडायचे. कतारमध्ये ३२ संघ होते, चार-चारांचे आठ गट. आठ सक ४८ सामने. बाद फेरीत १६ संघ, म्हणजे १५ सामने आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक. एकूण ६४.

२०२६ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या ४८ करायचं ठरलं तेव्हा फिफाची मूळ योजना तीन-तीन संघांच्या १६ गटांची होती. तीन संघांत तीन जोड्या, म्हणून गटांत ४८ सामने. प्रत्येक गटातले दोन पुढे, असे ३२ संघ. बाद फेरीचे ३१ आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक. एकूण ८०. आकडा आटोपशीर होता, पण तीन ही विषम संख्या आहे. दर फेरीत एक संघ बसणार, शेवटच्या फेरीतही. मैदानात असलेल्या दोघांना पुढे जाण्यासाठी नेमका कोणता निकाल हवा हे आधीच माहीत असणार आणि तिसरा संघ नुसता बघत राहणार.

फुटबॉलच्या जगात ही भीती जुनी आहे. १९८२ मध्ये स्पेनमधल्या गिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले, तेव्हा गटातल्या अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी जिंकलं तर दोघंही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला सामना दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. त्यानंतर गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायचा नियम आला. चार संघांच्या गटात ते शक्य असतं, कारण शेवटच्या फेरीत चौघंही खेळतात. तीन संघांच्या गटात ते शक्यच नाही.

मार्च २०२३ मध्ये फिफाने तीनचे गट सोडून चारचे बारा गट ठरवले. बारा सक ७२. प्रत्येक गटातले पहिले दोन, म्हणजे २४, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्यांतले सर्वोत्तम आठ मिळून पुन्हा ३२ संघ. बाद फेरीचे ३१, तिसऱ्या क्रमांकाचा एक. एकूण १०४ सामने. बाद फेरीचे ३२ सामने दोन्ही योजनांत तेच राहिले. वाढलेले सगळे २४ सामने गटांतून आले, ४८ चे ७२ होताना.